डोक्यावरून जाणारे बोलणे

मराठी व्याकरणात तीन पुरुष आहेत. बोलणारा तो प्रथम, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो तृतीय. समोर उपस्थित असलेल्या माणसाला द्वितीय पुरुषातून उचलून तृतीय पुरुषात नेऊन ठेवणे ही गोष्ट एरवी भांडणात किंवा कोर्टाच्या साक्षीतच घडते. परंतु चाकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बाबतीत ती रोज घडते आणि कोणाला तिचे काही वाटत नाही. परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी, कचेरीत, बँकेत, दवाखान्यात किंवा पक्षाच्या कार्यालयात व्हीलचेअर येऊन थांबली, की बहुधा पहिला प्रश्न खुर्ची ढकलणाऱ्याला विचारला जातो: “यांचं नाव काय? यांना काय झालंय? यांना चहा चालतो ना?”

या ‘यांना’मध्ये आदरार्थी अनुस्वार आहे, म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला आपण अनादर केला असे वाटत नाही. फसगत नेमकी येथेच होते. बहुवचनाने आदर दाखवला जातो, पण संबोधनच नाहीसे होते. ज्याला ‘तुम्ही’ म्हणायचे त्याला ‘हे’ म्हटले गेले, तर तो माणूस त्या संभाषणात उरत नाही, त्याचा केवळ विषय उरतो. कार्यकर्त्याने ही गोष्ट केवळ शिष्टाचाराची म्हणून सोडून देऊ नये. कोणाशी बोलायचे हे ठरते तेव्हाच निर्णय कोणाचा हेही ठरून जाते.

असे का होते, याचे उत्तर द्यायचे तर प्रथम दुष्टपणाचा आरोप बाजूला ठेवला पाहिजे. बहुतेक वेळा येथे वाईट हेतू नसतो. असते ती उंचीची आणि जागेची मांडणी. सामान्य उंचीच्या उभ्या पुरुषाचे डोळे जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असतात. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे चार फुटांच्या आसपास असतात. पाठीला आधार कमी असेल आणि शरीर खाली घसरत असेल तर आणखी खाली. म्हणजे दोघांच्या नजरेत एक ते सव्वा फुटाचे अंतर पडते. सोबतचा माणूस मात्र खुर्चीच्या पाठीमागे, तिच्या मुठी धरून उभा असतो. त्याचे डोळे बोलणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. माणसाची नजर तिला जिथे नजर भेटते तिथे जाते. तेव्हा बोलणे बसलेल्याच्या डोक्यावरून पलीकडे उभ्या असलेल्याकडे जाते आणि तिकडूनच उत्तर परत येते. ‘डोक्यावरून जाणे’ हा वाक्प्रचार मराठीत न समजण्याच्या अर्थी वापरतात. येथे तो अक्षरशः खरा ठरतो आणि न समजणारा मात्र बसलेला माणूस नसतो.

म्हणून नजरेच्या पातळीवर येऊन नमस्कार करणे आणि सोबत्याला न विचारता त्याच माणसाला विचारणे, हे दोन वेगळे नियम नव्हेत. पहिले केले की दुसरे निम्मे आपोआप साधते. बोलणारा खुर्ची ओढून बसला की मागे उभा असलेला सोबती त्याच्या नजरेच्या रेषेतून बाहेर जातो आणि समोर एकच चेहरा उरतो. उभ्याने बोलून ‘मी त्यांच्याशीच बोलेन’ असा नुसता निश्चय केला, तर दोन वाक्यांनंतर नजर पुन्हा वर जाते. चांगला निश्चय वाईट मांडणीपुढे फार वेळ टिकत नाही, हे चळवळीत काम केलेल्यांना निराळे सांगावयास नको.

ही खोड केवळ मराठवाड्याची किंवा अशिक्षितांची आहे, असेही नाही. ब्रिटनमध्ये बीबीसी नभोवाणीवर १९७७ पासून १९९८ पर्यंत अपंगांच्या प्रश्नांवरचा एक कार्यक्रम चालत असे. त्याचे नाव होते ‘डज ही टेक शुगर?’, म्हणजे ‘हे साखर घेतात का?’. चहा पिणारा समोर बसलेला असताना यजमान त्याच्या सोबत्याला जो प्रश्न विचारतो, तोच कार्यक्रमाचे शीर्षक झाला. लंडनच्या दिवाणखान्यातला तो प्रश्न आणि परभणीच्या स्टेशनसमोरच्या हॉटेलातला ‘यांना चहा चालतो ना?’ हा प्रश्न एकच आहे. श्रीमंत देशात चाकाची खुर्ची सहज मिळते, फुटपाथाला उतार असतो, तरी हा प्रश्न तिथेही उरतो. यावरून एवढे कळते की साधने आली म्हणजे संबोधन आपोआप येत नाही.

उलट बाजूचा एक दाखला महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन शाळा-कॉलेजच्या वयात अर्धांगाचा विकार झाला आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्या निराशेच्या काळात त्यांची भेट बाबूकाका दिवाण यांच्याशी झाली. बाबूकाका स्वतः चाकाच्या खुर्चीत बसणारे होते. पुढे नसीमाताईंनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली आणि ‘चाकाची खुर्ची’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. बाबूकाकांच्या भेटीने आयुष्याला वळण मिळाले असे त्यांनी सांगितले आहे. त्या भेटीत उपदेशाइतकीच आणखी एक गोष्ट होती. बोलणारा त्याच उंचीवरून बोलत होता आणि त्याला मधल्या माणसाची गरज नव्हती. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या की कोणी कोणाच्या डोक्यावरून बोलू शकत नाही. जे बाबूकाकांना परिस्थितीने साधले, ते चालणाऱ्या माणसाला समजून उमजून साधावे लागते, इतकाच फरक.

आता हे प्रत्यक्ष कामात कसे उतरते ते एका उदाहरणाने पाहता येईल. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातील प्रत्येक तपशील कार्यकर्त्यांच्या परिचयाचा आहे. समजा, जिंतूर तालुक्यातील एक पस्तिशीचा कापूस पिकवणारा शेतकरी विहिरीत पडून कमरेखाली लुळा झाला आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरण्यासाठी तो आठवडी बाजाराच्या दिवशी पक्षाच्या मदत केंद्रावर आला आहे. त्याची खुर्ची मेव्हण्याने ढकलत आणली आहे. टेबलामागचा कार्यकर्ता कामात आहे, त्याने मान वर केली आणि मेव्हण्याला विचारले, “कागदपत्रं सगळी आहेत का ह्यांची?” मेव्हणा म्हणाला, “आहेत साहेब, सगळी आहेत.” पाच मिनिटांत अर्ज भरून झाला. खुर्चीतला माणूस एकदाच बोलला, अंगठा द्यायचा की सही करायची एवढेच विचारण्यासाठी, आणि तेही त्याने मेव्हण्याला विचारले.

या पाच मिनिटांत काय राहून गेले? अर्जाला जोडलेले पासबुक थोरल्या भावाबरोबरच्या सामायिक खात्याचे होते आणि त्या खात्याला मोबाइल क्रमांक भावाचा होता. अनुदान मंजूर झाले असते तरी त्याची खबर आणि त्यावरचा हात दोन्ही भावाकडे राहिले असते. माणसाला हे ठाऊक होते, स्वतःचे स्वतंत्र खाते काढायचे त्याच्या मनातही होते, पण ते मेव्हण्यादेखत आणि न विचारता सांगण्याची सोय नव्हती. दुसरी गोष्ट याहून गंभीर. बसण्याच्या जागी त्याला जखम होऊ लागली होती. कमरेखाली संवेदना नसल्याने ती दुखत नव्हती. कपड्याला लागलेल्या डागावरून ती त्याच्या ध्यानात आली होती. अशा दाबाच्या जखमेची सुरुवात लाल चट्ट्याने होते. दाब काढल्यावरही तो चट्टा विरत नाही, हीच तिची खूण. वेळीच लक्ष दिले नाही तर ती हाडापर्यंत जाते आणि माणसाचा जीवही घेते. खुर्चीत गादी हवी, बैठक रुंदीला बरोबर हवी, दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलले पाहिजे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मेव्हण्याला या जखमेची कल्पना नव्हती आणि ती त्याला देण्याची माणसाची इच्छाही नव्हती. जे फक्त त्या माणसालाच ठाऊक आहे, ते सोबत्याला विचारून कधीही मिळणार नाही. केवळ सभ्यतेपोटी नव्हे, तर माहिती खरी हवी म्हणूनही त्याला विचारावे लागते.

हीच भेट नीट कशी झाली असती? कार्यकर्ता टेबलामागून उठून पुढे आला असता. एक साधी खुर्ची ओढून तो तीन-चार फुटांवर, अगदी नाकासमोर नव्हे तर किंचित बाजूला घेऊन बसला असता. दोन्ही हात जोडून, “नमस्कार दादा, मी इथल्या केंद्राचं काम पाहतो,” असे म्हणून त्याने स्वतःचे नाव सांगितले असते आणि त्याचे नाव त्यालाच विचारले असते. नंतर मेव्हण्याकडे वळून, “पाहुणे, तुम्हीही इकडं बसा, दमून आला असाल,” असे म्हणून दुसरी खुर्ची त्याच माणसाच्या शेजारी ठेवली असती. ही दुसरी खुर्ची या साऱ्या रीतीची किल्ली आहे. सोबती मागून निघून बाजूला बसला की त्याचा अपमान होत नाही, उलट पाहुणचार होतो. आणि डोक्यावरून जाणारी रेषा तुटते. तिघे एका पातळीवर येतात. मग कागद हातात घेऊन एकेक गोष्ट त्या माणसालाच विचारायची: पासबुक कोणाच्या नावाचे, मोबाइल कोणाचा, अपंगत्वाचे ओळखपत्र मिळाले की नाही. मध्येच मेव्हण्याने उत्तर दिले तर त्याला दटावायचे नाही. त्याचे ऐकून घ्यायचे आणि नजर माणसाकडे ठेवून विचारायचे, “दादा, असंच आहे ना?” शेवटी, “तब्येतीचं थोडं विचारायचं आहे, पाहुणे तोवर चहा सांगून येतात का?” असे म्हणून दोन मिनिटांचा एकांत मिळवता येतो. या भेटीला पाचाऐवजी पंधरा मिनिटे लागतात. पण परत आलेल्या अर्जापायी तालुक्याला पुन्हा घालावी लागणारी एक खेप वाचते आणि ती खेप व्हीलचेअरवाल्याला एस.टी.तून किंवा भाड्याच्या जीपमधून करावी लागते.

कायद्याचा आधारही याच बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमातील कलम १३ अपंग व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः चालवण्याचा इतरांइतकाच हक्क देते. तेच कलम पुढे म्हणते की, एखाद्या व्यवहारात मदत करणाऱ्याचे हितसंबंध आणि त्या व्यक्तीचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध असतील, तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते दूर राहावे. आणि त्याने त्या व्यक्तीची स्वायत्तता, प्रतिष्ठा व खासगीपणा जपावा. सामायिक पासबुकाचा प्रश्न हा नेमका असाच प्रश्न आहे. पण ज्या टेबलावर माणसाला प्रश्नच विचारला जात नाही, तिथे हितसंबंधांचा विरोध दिसणार कसा? कलम १३ ची अंमलबजावणी कोर्टात सुरू होत नाही. ती कोणाकडे तोंड करून प्रश्न विचारला यापासून सुरू होते.

पंचायत राज्यात याचा एक जुना नमुना कार्यकर्त्यांनी पाहिला आहे. स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, बाई सरपंच झाली, आणि ग्रामसेवकापासून अधिकाऱ्यांपर्यंत सारे तिच्या नवऱ्याशी बोलत राहिले. खुर्ची तिची आणि बोलणे त्याचे. तिला बोलता येत नाही असे म्हटले गेले. वस्तुतः तिला विचारले जात नव्हते. ज्या गावांत कोणी चिकाटीने बाईंनाच विचारत राहिले, तिथे वर्षा-दोन वर्षांत बाई बोलू लागल्या. व्हीलचेअरमधल्या माणसाचे मौन पुष्कळदा याच जातीचे असते. त्याने अनेकदा उत्तर दिलेले असते आणि ते कोणी ऐकलेले नसते, म्हणून त्याने बोलणे सोडलेले असते.

पातळीचा प्रश्नही गावाला नवा नाही. बाजेवर कोणी बसायचे, ओट्यावर कोणी आणि खाली जमिनीवर कोणी, यावरून मराठवाड्याच्या गावगाड्यात माणसाची पायरी ठरत आली. ज्यांनी हे वाचून, भोगून आणि त्याविरुद्ध लढून पाहिले आहे, त्यांना बसण्याची उंची ही किरकोळ बाब वाटण्याचे कारण नाही. तरीही येथे एक फरक लक्षात ठेवावा. जातीच्या पायरीत उंची मुद्दाम ठरवलेली असते. येथे ती नकळत घडते. म्हणून येथे लाज वाटून घेण्यापेक्षा खुर्ची ओढून घेणे अधिक उपयोगाचे.

ही खुर्ची कुठे आणि कशी ओढायची यातही तारतम्य हवे. दोन फुटांवर उभे राहून बोलले तर बसलेल्याला मान सुमारे तीस अंश वर करावी लागते. हेच अंतर पाच फूट केले तर तेरा-चौदा अंश पुरतात. ज्याच्या मानेच्या मणक्याला दुखापत झालेली आहे त्याला मान वर करणे वेदनेचे असते, काहींना अशक्यच असते. तेव्हा रस्त्यात जाता जाता केवळ रामराम करायचा असेल, तर बसण्याची गरज नाही. चार-पाच फुटांवर थांबून, किंचित झुकून, त्याच्या नजरेला नजर देऊन नमस्कार केला म्हणजे झाले. मात्र दोन-तीन मिनिटांहून अधिक बोलायचे असेल तर बसावे. साध्या खुर्चीवर बसलेल्याचे डोळे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाच्या जवळजवळ बरोबरीला येतात. बाज किंवा ओटाही चालतो. जमिनीवर मांडी घालून बसले तर नजर दीड फुटाने खाली जाते आणि आता मान वाकवण्याची पाळी त्याची येते. गुडघ्याशी येऊन उकिडवे बसणेही टाळावे, कारण लहान मुलाशी बोलताना मोठी माणसे तसे बसतात आणि पुष्कळ प्रौढांना ते आवडत नाही. उन्हात बोलायचे झाल्यास सूर्य बोलणाऱ्याच्या पाठीशी नसावा, नाहीतर वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जाते आणि त्याला समोर केवळ काळी आकृती दिसते.

अंतर चुकले आहे की नाही, हे ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे. बोलता बोलता त्या माणसाने चाके फिरवून खुर्ची हातभर मागे घेतली, तर तो रागावला असे समजू नये. त्याची मान अवघडली आहे. अशा वेळी पुढे सरकू नये, बसावे. दुसरी खूण संबोधनाची. उत्तर देण्याआधी तो सोबत्याच्या तोंडाकडे पाहत असेल, किंवा सोबती ‘आम्हाला’, ‘आमचं’ अशा शब्दांत उत्तरे देत असेल, तर बोलणे पुन्हा डोक्यावरून जाऊ लागले आहे असे समजावे. आणि खुर्चीच्या मुठीवर किंवा हातावर टेकून बोलू नये. ती खुर्ची फर्निचर नव्हे, त्या माणसाच्या शरीराचाच भाग आहे; न विचारता ती ढकलणे म्हणजे चालत्या माणसाला खांद्याला धरून नेण्यासारखेच आहे.

सर्वत्र एकच नियम लावूनही चालणार नाही. खुर्चीत बाई असेल आणि बोलणारा परका पुरुष असेल, तर समोर बसून नजरेला नजर देणे आपल्या गावांत तिला संकोचाचे होऊ शकते. तिथे थोडे अधिक अंतर ठेवून, खुर्ची तिरपी करून बसावे, नजर क्षणभर भेटवून बाजूला घ्यावी; पण प्रश्न मात्र “मावशी, तुमचं म्हणणं काय?” असा तिलाच विचारावा. मर्यादा नजरेची पाळायची असते, संबोधनाची नव्हे. वडीलधाऱ्याच्या पाया पडण्याची चाल असेल, तर तो खुर्चीत आहे म्हणून ती वगळणे हाही एक वेगळेपणाच ठरतो. फक्त पायांना संवेदना नसेल तर धक्क्याने पाय पावठ्यावरून घसरू शकतो, म्हणून हात अलगद लावावा. उजवा हात लुळा असेल तर डाव्या हाताशी हस्तांदोलन करण्यात काही गैर नाही.

सर्वांत कठीण प्रसंग म्हणजे त्या माणसाचे बोलणेच अस्पष्ट असणे. पक्षाघाताने काहींची वाचा जाते. मेंदूच्या पक्षाघाताने जन्मतः बाधित असलेल्यांचे शब्द अडखळत येतात. ऐकणाऱ्याला समजत नाही आणि तो सोबत्याकडे वळतो. येथे सोबत्याची मदत घ्यावीच लागते. पण ती दुभाष्याची मदत असावी. परभाषिक पाहुण्याशी बोलताना माणूस पाहुण्याकडे पाहून बोलतो, दुभाष्याकडे नव्हे, तसेच येथे करावे. प्रश्न लहान असावेत, ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे असावेत, आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत आकडे मोजून थांबावे. समजले नाही तर समजल्याचे सोंग करू नये, “पुन्हा सांगता का?” असे विचारणे अपमानाचे नसते, मान हलवून पुढे जाणे हे असते. आणि त्या माणसाने स्वतःच “माझ्या भावाला विचारा” असे म्हटले, तर तो त्याचा निर्णय आहे. भावाला अवश्य विचारावे. पण परवानगी त्याने दिलेली असावी, गृहीत धरलेली नसावी.

सभा-समारंभात हे सारे भान सुटते, कारण तिथे तोंड छायाचित्रकाराकडे असते. साधनवाटपाच्या शिबिरात व्हीलचेअरी एका ओळीत मांडतात, पाहुणे मागे उभे राहतात आणि छायाचित्र निघते. त्या छायाचित्रात पुढचा माणूस कोणाकडे पाहत आहे हे निरखून पाहावे; बहुधा तो कोणाकडेच पाहत नसतो. सत्कारात शाल खांद्यावर टाकली जाते, नारळ मांडीवर ठेवला जातो, गळ्यात हार येतो. स्वतःच्या हातांनी खुर्ची चालवणाऱ्याला दोन्ही हात चाकांसाठी लागतात. मांडीवरचा नारळ पहिल्याच हिसक्याला गडगडतो आणि शालीचा पदर चाकाच्या आऱ्यांत अडकतो. सन्मान केलेला माणूस त्या क्षणी जागचा हलू शकत नाही आणि त्याला ढकलायला पुन्हा कोणीतरी मागे येतो. त्याऐवजी शाल-श्रीफळ त्याच्या हाती देऊन, ते कुठे ठेवू असे त्यालाच विचारले आणि ध्वनिक्षेपक त्याच्या तोंडाच्या उंचीवर आणून दिला, तर सत्कार पुरा होतो. वाटप झालेल्या खुर्चीची बैठक कोणी मापून घेतली होती का, हेही तेव्हाच कळते. बसलेल्याच्या दोन्ही मांड्यांच्या बाजूंना बोट जाईल एवढी जागा पुरे. त्याहून फार रुंद खुर्चीत अंग एका कुशीला झुकते आणि दाब एकाच हाडावर येतो. खुर्ची बरोबर बसते का, हा प्रश्नही सोबत्याला विचारून सुटणारा नाही.

शेवटी लाकडाचा आणि विटांचा प्रश्न उरतोच. साडेतीन फूट उंचीच्या, काच लावलेल्या काउंटरमागे बसलेल्या कारकुनाला व्हीलचेअरमधला माणूस पुरता दिसतच नाही. त्याला मागचा सोबतीच दिसतो. त्याला शिष्टाचार शिकवून भागणार नाही. काउंटरचा एक भाग अडीच फुटांवर आणला आणि खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा सोडली, की दोघांची नजर भेटते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग अपंगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. तो कशावर खर्च व्हावा हे ठरवताना गावातील व्हीलचेअरवाल्या माणसाला ग्रामसभेत बोलावले जाते का, आणि बोलावले तर प्रश्न त्याला विचारला जातो की त्याला घेऊन येणाऱ्याला, हे प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्याने आपल्या गावी जाऊन पाहावे. पक्षाच्या स्वतःच्या कार्यालयातही टेबलाच्या अलीकडे दोन रिकाम्या खुर्च्या कायमच्या ठेवता येतील: एक कार्यकर्त्याने पुढे येऊन बसण्यासाठी आणि दुसरी सोबत्यासाठी.